टॉवेलचं औंस ते जीएसएम

> बायरने १६ औंसचा टॉवेल मागितलाय. २८.३५ ने गुणून ४५४ जीएसएम आलं, लूमवर ४५० लावू का?

थांबा, लावू नका अजून! २८.३५ हे नुसतं औंसचं ग्रॅम झालं, पण बायरचा औंस चौरस यार्डावर आहे आणि आपला जीएसएम चौरस मीटरवर, आणि चौरस यार्ड म्हणजे फक्त ०.८३६१ चौरस मीटर, म्हणून २८.३५ ला ०.८३६१ ने भागायचं, येतं ३३.९. औंसला यानेच गुणा, १६ चं साधारण ५४२ जीएसएम होतं. ४५० चा माल म्हणजे जेमतेम १३.३ औंस, सोलापुरातनं कंटेनर गेल्यावर हे कळलं तर सगळा लॉट रिजेक्ट होईल हो.

सॅम्पल निघाला की जीएसएम कटरने गोल तुकडा कापून काट्यावर ठेवा, तो १०० चौरस सेंटीमीटरचा असतो म्हणून ५.४२ ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. तुकडा मधल्या लूपच्या भागातनंच घ्या, बॉर्डरला लूप नसतात तिथं वजन कमी दाखवतं. आणि मेलवर एकदा विचारूनच घ्या की औंस चौरस यार्डाचाच ना, काहीजण पूर्ण पन्ह्याच्या एका यार्ड लांबीचं वजन सांगतात, मग हा हिशोब चालत नाही.