मदत हवी आहे: आईबाबांच्या घरचं पेस्ट कंट्रोल, दादाला मेसेज कसा लिहू?

टोरांटोचा_बंड्या: आईबाबा डोंबिवलीत, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. ठाण्याच्या आतेभावाने मागच्या वर्षी पेस्ट कंट्रोलचा वर्षाचा करार करून दिला. माणूस तीनदा येऊन गेला, फरक शून्य. करार संपतोय आणि शनिवारी शेवटची फेरी आहे. दादाने आपला वेळ घालून केलंय, त्याला लागेल असं लिहायचं नाही. मसुदा देईल का कोणी? घाई आहे.

खमंग_करंजी: कशाचं पेस्ट कंट्रोल? ढेकूण, उंदीर, वाळवी?

टोरांटोचा_बंड्या: झुरळं हो! अजून कशाचं असणार.

गच्चीवरचा_गणू: आमच्याकडे वाळवी होती. भिंतीच्या कडेने फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध भरलं, वर सिमेंट. लेखी हमी घ्या, तोंडी ऐकू नका. दाराची चौकट मात्र गेली ती गेलीच.

खमंग_करंजी: गणूभाऊ, झुरळं म्हणाला तो.

फवारणीवाले_आबा: वीस वर्षं हेच केलं, म्हणून विचारतो. झुरळं बारीक तपकिरी की मोठी लालसर? फवारा मारतात की जेल लावतात? आणि माणूस गेल्यावर आई काय करतात?

टोरांटोचा_बंड्या: बारीक. ट्रॉलीत आणि फ्रिजमागे. बाबांना दमा आहे म्हणून दादाने मुद्दाम जेल सांगितलं होतं. आई काय करणार, काही नाही.

फवारणीवाले_आबा: एकदा विचारून बघा.

टोरांटोचा_बंड्या: विचारलं. व्हिडिओ कॉलवर फोन ट्रॉलीकडे धरायला लावला. बिजागऱ्या लखलखीत, एक ठिपका नाही. म्हणाली, "तो मेला तपकिरी डाग पाडून गेला होता, मी संध्याकाळीच फिनेलने पुसून काढले." शिवाय रात्री झुरळ दिसलं की स्प्रे मारते. खिडकी बंद, बाबा शेजारच्या खोलीत.

फवारणीवाले_आबा: मग औषधाचा दोष नाही. जेल म्हणजे आमिष. झुरळाने ते खायचं, फटीत जाऊन मरायचं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीची मरायची. याला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यावर किंवा आजूबाजूला स्प्रे मारला की झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. दुसरं असं, बारीक झुरळाची मादी अंड्यांची पिशवी फुटायच्या बेतापर्यंत अंगावर वागवते, आत तीस-चाळीस पिल्लं. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत जेल पोचत नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांत दुसरी फेरी हवी. तुमची थेट चार महिन्यांनी होते, तोवर नवी पिढी तयार.

सदूची_आत्या: एवढं कशाला? बोरिक पावडर, कणीक, पिठीसाखर, गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायच्या. माझ्याकडे दहा वर्षं झुरळ नाही.

फवारणीवाले_आबा: बोरिकने मरतात हे खरं, पण हळू. आणि आत्या, तुम्हाला ठाऊक आहे ती गोळी कसली आहे. पंचाहत्तरीच्या माणसाच्या ओट्यावर पिठासारखं दिसणारं विष मी ठेवणार नाही.

सदूची_आत्या: मी अठ्ठ्याहत्तरची आहे. 🙂

टोरांटोचा_बंड्या: मसुदा!!

फवारणीवाले_आबा: घ्या, जमेल तसा बदला:

"दादा, तू जेल सांगितलंस ते बाबांच्या दम्यासाठी बरोबरच होतं. चूक आपल्या घरची निघाली, आई ठिपके पुसत होती. शनिवारी तासभर तू किंवा वहिनी तिथे थांबाल का? ट्रॉल्या आणि बिजागऱ्या आदल्या दिवशी कोरड्या पुसून ठेवायला बाईंना सांगतो, ओटा रिकामा करायची गरज नाही. जेल बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या पट्ट्यांमागे, सिंकखाली आणि फ्रिजच्या मोटरपाशी लावून घे. बारीक बारीक ठिपके हवेत, एकच मोठा गोळा नको. घरात फवारा नको. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलाव, आणि नव्या करारात ही जादाची फेरी लिहून घे. पैसे मी परस्पर पाठवतो, आईबाबांकडे मागायला नको."

खमंग_करंजी: "चूक आईची" वाचून आत्येकडे बभ्रा होईल. "आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं" असं लिही.

टोरांटोचा_बंड्या: हे पटलं, बदललं. आबा, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काहीच करत नाहीत, पाइपच्या फटीतून येतात. त्याचं काय?

फवारणीवाले_आबा: पाइपभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा, नहाणीच्या जाळ्या बदला. तरी वरच्यांनी केल्याशिवाय पूर्ण थांबणार नाहीत. सोसायटीत विषय काढा.

गच्चीवरचा_गणू: सोसायटी? आमच्या मीटिंगमध्ये अजून पार्किंगच चाललंय.

टोरांटोचा_बंड्या: मेसेज गेला. दादाचं उत्तर: "ओके, मी थांबतो. पण मामीला फडकं हातात घेऊ नको हे तू सांग, मी नाही."