वकिलाकडे इंटर्नशिप नाही, पर्सनल स्टेटमेंटमध्ये काय लिहू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. यूकेत एलएलबीसाठी अर्ज करतेय. यूकासवर, म्हणजे तिथल्या प्रवेश अर्जाच्या साइटवर, पर्सनल स्टेटमेंट आता सलग निबंध नसतो. तीन प्रश्न असतात, मिळून 4000 अक्षरं, स्पेस धरून.

माझ्याकडे वादविवाद, वाचन आणि वस्तीत रेशनकार्डाचे फॉर्म भरून देणं, एवढंच. ‘वादविवादाने आत्मविश्वास वाढला’ हे वाक्य बाईंनी सरळ खोडलं. (बरोबरच आहे म्हणा!) त्याऐवजी एका आजींचा किस्सा लिहिलाय: आधारवर ‘सुमन’, कार्डावर ‘सुमनबाई’, म्हणून अर्ज परत. तिथूनच मी पुराव्याच्या नियमांबद्दल वाचायला लागले.

हा किस्सा ‘हाच कोर्स का’ या पहिल्या प्रश्नात घालू, की शिक्षणाबाहेरच्या तयारीच्या तिसऱ्या? दोन्हीकडे लिहिला तर अक्षरं वाया जातात. कोणी नुकताच अर्ज केलाय का?