पगारवाढ कमी का, हे सांगणारं पत्र: तुमच्याकडे काय लिहून आलं?

नशिराबादकर
जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याचं एचआरचं पत्र नोटीस बोर्डासाठी मराठीत करायला आलं आणि जुनी सगळी पत्रं आठवली. वाक्य असं: "यंदा सीटीसीवर 6 टक्के वाढ देण्यात येत असून, कामगार संहितेनुसार वेतनरचनेत आवश्यक बदल करण्यात आले आहेत." भाषांतर दहा मिनिटांत झालं. पण पगार झाल्यावर बोर्डाखाली माणसं स्लिपा घेऊन उभी राहणार, कारण हातात 6 टक्के येत नाहीत. तुमच्याकडची अशी वाक्यं टाका, आणि ती प्रत्यक्षात किती रुपयांची निघाली तेही.

बोदवडी
पैसा कथा ग्यात रे भो 😄

पेरोलवाली
कुठे गेले ते दाखवते. महिन्याची सीटीसी, म्हणजे आपल्यावर कंपनीचा एकूण खर्च, 30,000 धरा, बेसिक 10,000. कंपनीचा पीएफ 1,200 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 481 वजा केली की ग्रॉस 28,319. त्यातून आपला पीएफ 1,200 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 26,919.

आता 6 टक्के म्हणजे सीटीसी 31,800. त्याच पत्राने बेसिक 15,000 केलं. कंपनीचा पीएफ झाला 1,800, ग्रॅच्युइटी 721, ग्रॉस उरलं 29,279. आपला पीएफ 1,800 आणि कर 200 काढला की हातात 27,279.

वाढ 1,800 ची, हातात 360. बाकीचे 600 कंपनीच्या पीएफमध्ये, 600 आपल्या पीएफमध्ये, 240 ग्रॅच्युइटीत. पीएफचे 1,200 आपल्याच खात्यात जातात, ते बुडाले असं म्हणू नका. पण त्यातून किराणा येत नाही. पीएफचे ॲडमिन चार्ज वगैरे इथे धरलेले नाहीत.

फैजपूर_एक्स्प्रेस
यात एचआरचा दोष नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, बेसिक निम्मं करावंच लागतं. कंपनी तरी काय करणार?

पेरोलवाली
अर्धं बरोबर. बेसिक निम्मं करा असं कायदा म्हणत नाही. घरभाडं, प्रवास असे वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरा, एवढंच म्हणतो. वरच्या उदाहरणात जुने भत्ते 18,319, ते सगळे वगळण्याजोगे आहेत असं धरू. 28,319 ची निम्मी रक्कम 14,160. म्हणजे बेसिक 10,000 च ठेवलं तरी हिशोबाचं वेतन 14,160 वर जातं आणि पीएफ 1,700 च्या आसपास येतो. थोडक्यात पीएफ कायद्यामुळे वाढतो हे खरं, बेसिक 15,000 करणं ही कंपनीची निवड.

वाढलेला कंपनीचा हिस्सा याच 6 टक्क्यांत बसवा असंही कायदा सांगत नाही. ते 840 कंपनीने वेगळे दिले असते तर हातात 1,200 पडले असते. पत्रात "कायद्यामुळे" लिहिताना हे वाक्य नेमकं गळतं.

तापीकाठ
माझी गोष्ट वेगळी. ग्रॉस 20,600 होतं, एप्रिलपासून 21,400. आता ईएसआय बंद झाला का? बायकोची डिलिव्हरी आहे. पत्रात एक अक्षर नाही.

पेरोलवाली
भाऊ, लगेच बंद होत नाही. हप्त्याचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यावर पगार 21,000 च्या वर गेला तर तो संपेपर्यंत कपात चालू राहते, लाभही. पण तुमची वाढ 1 एप्रिलपासूनच लागू आहे, म्हणजे ईएसआयच्या हिशोबाचं वेतनही 21,000 च्या वर गेलं असेल तर पहिल्याच दिवशी तुम्ही मर्यादेबाहेर. वाढ मेपासून लागू असती तर सप्टेंबरपर्यंत 0.75 टक्के कापले गेले असते.

तापीकाठ
म्हणजे गेलंच?

पेरोलवाली
नाही नाही. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेल्या हप्त्यांचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर, त्याआधीच्या सहा महिन्यांचा जानेवारी ते जून. तारीख सांगा आणि कार्ड घेऊन ईएसआयच्या कार्यालयात आजच विचारा, माझ्या भरवशावर थांबू नका. वाढीच्या पत्रात 21,000 ओलांडणाऱ्यांची यादी वेगळी काढून त्यांना वेगळा कागद द्यायला हवा. एचआरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

बोदवडी
डिलिव्हरीसाठी शुभेच्छा भो. पेढे जळगावला आणजो.

एक्स्ट्रूडर_तिसरी_पाळी
पीएफ सोडा, पत्रातलं कारण वाचा. "बाजारातील प्रतिकूल परिस्थिती." मशीन दोन महिने बंद झालेलं नाही, रोज गाड्या भरून जातात, हे पोरं बघतात. त्यांना प्रतिकूल कुठे दिसणार?

खरं कारण सरळ लिहिता येतं. पाइपाचा भाव पीव्हीसी रेझिनच्या भावावर चालतो. रेझिन उतरायला लागलं की डीलर माल उचलत नाही, अजून उतरेल म्हणून थांबतो. गोडाऊनमध्ये पडलेला माल महाग रेझिनचा, विकायचा स्वस्त भावात. समजा मागे 100 टन 90 रुपये किलोने गेले, म्हणजे 90 लाख. यंदा 110 टन 78 ने गेले, म्हणजे 85 लाख 80 हजार. टन वाढले, रुपये घटले. मजुरी आणि वीज मात्र टनामागे लागते. एवढं तीन ओळीत लिहिलं तर हेल्परलासुद्धा पटतं.

नशिराबादकर
हे भाषांतरात घालू का? 😀 साहेब म्हणतील आकडे बाहेर जातील.

एक्स्ट्रूडर_तिसरी_पाळी
आकडे नका घालू, दिशा घाला. आणि रेझिन स्वस्त झाल्याने पुढच्या मालाचा खर्चही उतरतो, तेही पोरं विचारतीलच. त्याचं उत्तर ठेवा, नाहीतर कारण फिरून अंगावर येतं.

साळवेकाकू
"सरासरी 6 टक्के" लिहिलंय का नुसतं "6 टक्के"? सरासरी असेल तर कुणाला 9, कुणाला 3. पत्र सगळ्यांना एकच आणि स्लिप वेगळी असली की 3 वाल्याला वाटतं आपले पैसे चोरले. सर्वात खालच्यांचं आणखी वेगळं. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, तो सरकारचा आहे. कंपनीने तो वाढीत मोजला असेल तर पत्रात तसं लिहावं.

फैजपूर_एक्स्प्रेस
काकू, मोजतातच सगळीकडे.

साळवेकाकू
मोजतात म्हणून तर लिहायला सांगतेय.

जिनिंगवाला
आमच्याकडे पत्रच नाही. कापूस संपला की मुकादम सांगतो, पुढच्या हंगामात बघू.

एरंडोलचा_वकील
एक मुद्दा राहिला. हे कर्मचारी कायद्याच्या व्याख्येतले कामगार असतील तर वेतनरचना बदलण्याआधी 21 दिवसांची नोटीस लागते. भत्ता काढून बेसिकमध्ये टाकला, एकूण रक्कम कमी झाली नाही, मग तो सेवाशर्तीतला बदल आहे की नाही, यावर वाद होतो. मी म्हणेन लागते.

पेरोलवाली
संहितेची अंमलबजावणी असेल तर लागू नये असं आमचे सल्लागार म्हणतात.

एरंडोलचा_वकील
सल्लागार कंपनीचे ना?

पेरोलवाली
हो 🙂

नशिराबादकर
मी शेवटी पत्राखाली एक ओळ घालायला सांगितली: "सोबतच्या तक्त्यात तुमची मार्च आणि एप्रिलची हातात येणारी रक्कम, आणि फरक कुठे गेला ते दिले आहे." पेरोलवाली ताई, तुमचा 360 वाला हिशोब नमुना म्हणून देऊ का?

पेरोलवाली
द्या. फक्त तक्ता पगाराच्या आधी लावा. स्लिप आधी आणि तक्ता नंतर झालं की कुणी वाचत नाही.

बोदवडी
आणि बोर्ड गेटजवळ लावा, कँटीनमध्ये नको. तिथे बुधवारी भरीत असतं, पत्राकडे कोण बघतंय.