जुने अ‍ॅप्टिट्यूड पेपर किती सोडवायचे आणि कसे?

कैवल्य: बारावीनंतर एक वर्ष थांबून आर्किटेक्चरच्या प्रवेशाची तयारी करतोय. जेईई मेन पेपर २ चे अकरा जुने पेपर झाले. तरी घनाकृतीची पृष्ठं मोजायचे निम्मे प्रश्न चुकतात आणि प्रसंगचित्रातली माणसं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. आणखी पेपर सोडवू की थांबून दुसरं काही करू?

ओंकार_बीआर्क: सोडवत राहा. निदान पंचवीस पेपर हवेत आणि तेही घड्याळ लावून. तीन तासांत गणिताचे २५ प्रश्न, अ‍ॅप्टिट्यूडचे ५० आणि वर दोन चित्रं. चांगला हात असलेली मुलंही इथे वेळेत हरतात. माझ्या वेळी मी चित्रांसाठी सव्वा तास राखून ठेवला होता आणि तोही कमीच पडला. पृष्ठांच्या प्रश्नात जास्त विचार करू नकोस. दिसतात ती मोज आणि दुप्पट कर, कारण जेवढं समोर दिसतं तेवढंच मागे असतं.

रेघ: वेळेबद्दल ओंकार बरोबर सांगतोय. दुप्पट करण्याची युक्ती मात्र सोडून दे, ती साध्या खोक्यापुरतीच चालते.

तीन पायऱ्यांचा भरीव जिना घे. पुढून, थोडं बाजूने आणि वरून पाहिला तर तीन आडव्या पायऱ्या, त्यांचे तीन उभे भाग आणि एक बाजू अशी सात पृष्ठं दिसतात. दुप्पट केलीस तर चौदा येतील. खरी आहेत दहा. मागे फक्त पाठ, तळ आणि दुसरी बाजू एवढंच उरतं.

माझी पद्धत अशी. जिन्याची बाजू म्हणजे एक सपाट आकार, तोच सरळ आत ओढत नेला की जिना तयार होतो. त्या आकाराच्या कडा मोज: तीन आडव्या, तीन उभ्या, एक पाठीची, एक तळाची, म्हणजे आठ. प्रत्येक कडेमागे एक पृष्ठ असतं, म्हणजे आठ पृष्ठं, आणि दोन टोकांना त्या आकाराची दोन तोंडं. झाली दहा. आता त्याच जिन्यात बाजूने चौकोनी भोक पाडलं आणि ते आरपार गेलं, तर आतल्या चार भिंती वाढून चौदा होतात. भोक मध्येच थांबलं तर त्याचा तळही मोजायचा, म्हणजे पंधरा. एका बाजूला तीन पट्ट्या दिसतात म्हणून तीन पृष्ठं मोजणारी मुलं मी दरवर्षी पाहते. मध्ये कड नसेल तर ते एकच पृष्ठ.

कैवल्य, चुकलेल्या प्रश्नांची वही कर, तेच प्रश्न परत सोडव आणि प्रत्येकापुढे लिही: काय सुटलं? तळ, भोकाची आतली भिंत, की एकच पृष्ठ दोनदा मोजलं? अकरा पेपरांत बहुधा दोनच प्रकारच्या चुका सापडतील.

वर्कशॉपवाले_काका: माझी मुलगी हेच करते आहे. तिला मी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअर आणून दिले. रोज एका वस्तूचं समोरून, वरून आणि बाजूने मापात चित्र काढते. कारखान्यात आम्ही असंच शिकलो. पेपर हवेतच कशाला?

रेघ: काका, प्रश्न हाताने मोकळं चित्र काढण्याचा आहे. तिथे बोर्डाचा उपयोग नाही, रेघ मनगटानेच आली पाहिजे. पण तीन बाजूंनी बघण्याची सवय मात्र पृष्ठांच्या आणि वरून कसं दिसेल या प्रश्नांना थेट उपयोगी आहे. मापाशिवाय, हातानेच काढायला सांगा.

वर्कशॉपवाले_काका: बरं. मग हेही सांगतो, ती साबणाची वडी सुरीने कापून प्रश्नातली वस्तू बनवते आणि फिरवून बघते. त्यानंतर तिचं मोजणं सुधारलं.

निळी_पेन्सिल: माझं मत वेगळं आहे. पृष्ठांच्या प्रश्नाला उत्तरतालिका असते, म्हणून तिथे जुने पेपर चालतात. चित्राला उत्तरतालिका नसते. तेच चित्र दहा वेळा काढलं तर दहा वेळा तीच चूक पक्की होते. शिवाय नाटा ही आर्किटेक्चरची दुसरी प्रवेश परीक्षा देणार असशील तर कोणते जुने पेपर घेतोस ते बघ. २०२१ ते २०२३ मध्ये तिथे हाताने चित्र काढायचा भागच नव्हता. २०२४ पासून तो ८० गुणांचा परत आला आणि त्यात दिलेल्या साहित्यातून त्रिमित रचना करायचाही प्रश्न आहे. जेईईचं चित्र कितीही गिरवलं तरी तो प्रश्न सुटत नाही. त्यापेक्षा बाहेर बसून खरी माणसं रेखाट.

रेघ: नाटाबद्दल मान्य. बाहेर बसून रेखाटणंही हवंच. पण चित्राला तपासणी नसते हे मला पटत नाही, निदान तरंगणाऱ्या माणसांपुरतं तरी नाही.

प्रश्नात तुम्ही कुठून बघता ते सांगितलेलं असतं आणि मुलं तेच शब्द सोडून देतात. समजा, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून रस्ता दिसतो आहे. मजला ३.३ मीटरवर, डोळे त्याच्यावर दीड मीटर, म्हणजे नजर ४.८ मीटरवर. क्षितिजरेषा त्याच उंचीवर. रस्त्यावरचा माणूस १.६ मीटरचा धर. मग त्याची उंची ही त्याच्या पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश असायलाच हवी. जवळचा असो की लांबचा, प्रमाण तेच, फक्त रस्ता सपाट हवा. रस्त्यावरच उभं राहून बघत असाल तर सगळ्यांची डोकी साधारण क्षितिजावर येतील आणि लांबच्यांचे पाय वर सरकतील. हे प्रमाण चुकलं की माणूस तरंगतो किंवा राक्षस होतो. पट्टी फक्त चित्र संपल्यावर, तपासायला घे.

निळी_पेन्सिल: प्रमाण बरोबर आलं तरी चित्र निर्जीव राहू शकतं. अशा मोजून ठेवलेल्या बाहुल्या मी खूप पाहिल्यात.

रेघ: राहू शकतं. तिथे तुमचा उपाय लागेल. आधी जागेवर उभी राहिली पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं.

ओंकार_बीआर्क: दुप्पटवाली युक्ती मागे घेतो. जिना काढून पाहिला, दहाच येतात. पण एकच प्रश्न परत परत काढायला मी अजून तयार नाही. उत्तर पाठ होतं आणि परीक्षेत वस्तू वेगळी येते.

कैवल्य: ताई, मागच्या आठवड्यातलं गॅलरीचं चित्र काढून मोजलं. पुढच्या बाईच्या पायापासून क्षितिज १२ सेंटिमीटर आणि ती ४. ती जमलीय. मागच्या माणसाच्या पायापासून क्षितिज ६ सेंटिमीटर, आणि तो साडेतीन! दोन असायला हवा होता. म्हणजे लांबच्या माणसांना मी लहान करतच नाहीये. चुकांची वहीही केली. चौदापैकी नऊ चुका तळाच्या आहेत. एक विचारायचं होतं. भोक आरपार आहे की नाही हे चित्रात दिसतच नसेल तर काय धरायचं?

रेघ: आतली मागची कड दाखवली आहे का ते आधी शोध. नसेल तर दोन्ही धरून मोज आणि पर्यायांत कोणतं उत्तर दिलंय ते बघ. दोन्ही दिली असतील तर मी सहसा आरपार धरते. त्यावर माझ्याच सहकाऱ्यांचं एकमत नाही.