शेजाऱ्याच्या पाचटाची आग मोसंबीत शिरली. भरपाई मालकाकडून की बटईदाराकडून?

जालना जिल्हा. शेजारच्या रानात उसाचं पाचट भर दुपारी, वारं सुटलेलं असताना पेटवलं. मधल्या बांधावरचं वाळलं गवत धरत आग आमच्या मोसंबीत आली. ठिबकच्या १६ एमएमच्या नळ्या वितळल्या आणि बांधाकडच्या दोन ओळी होरपळल्या.

तलाठी आणि कृषी सहायकांनी पंचनामा केला, पण त्यात फक्त ठिबक आलं. झाडं 'जिवंत' लिहिली. खोडाची साल चाकूनं खरवडली तर आगीच्या बाजूला आत तपकिरी आणि दुसऱ्या बाजूला हिरवं दिसतं, म्हणजे निम्मी झाडं नव्या बहाराला टिकतील का, हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. पोलिसांनी अदखलपात्र नोंद घेतली. खरं तर आगीबाबत निष्काळजीपणाचं कलम (भारतीय न्याय संहिता, २८७) दखलपात्र आहे.

रान बटईनं दिलेलं आहे, करार तोंडी. मालक म्हणतो पेटवलं बटईदारानं. बटईदार म्हणतो मालकानंच रान साफ करायला सांगितलं, आणि वाऱ्याला काय करणार? दोन साक्षीदार आहेत, तारीख-वेळेसह फोटो आहेत, ठिबकचं बिल आहे. विमा नाही. शासकीय मदतीचं विचारत नाही. नुकसान ज्यानं केलं त्याच्याकडूनच हवं आहे.

दिवाणी दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करता येतं का? आणि झाडांचं नुकसान उशिरा दिसणार असेल, तर पुरवणी पंचनाम्यासाठी अर्ज कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत करायचा?