कामगाराला बाहेरच्या प्रकरणात अटक झाली. बाकीच्यांना काय सांगावं?

गोदाकाठची: वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात एचआर बघते. आमच्या एका सीएनसी ऑपरेटरला रविवारी गावाकडे बांधावरून झालेल्या मारामारीत अटक झाली. कंपनीचा काही संबंध नाही. सोमवारी सकाळीच बातमीचं कात्रण शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. काही म्हणायलेत "त्याला अडकवलं", काही म्हणायलेत "काढून टाका". मालकांना फलकावर सूचना हवी आहे. मी लिहिलंय: "आपल्या एका सहकाऱ्यास दुर्दैवी घटनेत अटक झाली असून कंपनी कायद्याचा आदर करते." लावू का?

पाटील लातूरकर: ४८ तास कोठडीत राहिला की आपोआप निलंबन. तेच लिहा, विषय मिटला.

निवृत्त कामगार अधिकारी: पाटीलसाहेब, तो नियम सरकारी कर्मचाऱ्यांचा. खासगीत स्थायी आदेश, नेमणूकपत्र बघावं लागतं. आणि निलंबन झालंच तर ते त्याला लेखी कळवायचं, सगळ्यांना नाही.

ताई, फलक नकोच. ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल आणि फोटो गावभर फिरेल. "दुर्दैवी" वाचून लोक म्हणतील कंपनी त्याच्या बाजूची, "कायद्याचा आदर" वाचून म्हणतील त्याला दोषी धरलं. ज्यांचं काम त्याच्यावर अडतं त्यांनाच सुपरवायझरनं तोंडी सांगावं: "ते सध्या कामावर नाहीत. त्यांचं मशीन अमुक जण बघतील. बाहेरून कुणी विचारलं तर एचआरकडे पाठवा." कुणी "खरंय का?" म्हटलं तर एकच उत्तर: "कुणाच्याही खासगी गोष्टीवर आपण इथं बोलत नाही." "रजेवर आहेत" म्हणू नका. रजा मंजूर नसेल तर ते खोटं ठरतं आणि पुढं अंगलट येतं.

सीमा, जालना: माझ्या नवऱ्याच्या वेळी ऑफिसनं ग्रुपवर "चौकशी पूर्ण होईपर्यंत" असं टाकलं होतं. ते निर्दोष सुटले, पण तो मेसेज लोक अजून दाखवतात.

गोदाकाठची: एक अडचण राहिली. ज्यानं तक्रार दिली त्याचा चुलतभाऊ आमच्याकडेच असेंब्लीला आहे. आणि पोरं म्हणतात, एफआयआर तर पोलिसांच्या साइटवर आहे, मग लपवायचं काय?

निवृत्त कामगार अधिकारी: साइटवर असला तरी कंपनीच्या ग्रुपवर तो फिरवायचं कारण नाही. ग्रुपवर एवढंच टाका: "हा ग्रुप फक्त कामासाठी आहे, कुणाच्याही वैयक्तिक बातम्या इथं टाकू नयेत." कात्रण ज्यानं टाकलं त्याला वेगळं बोलावून काढायला सांगा. चुलतभावाशी एकट्यात बोला, पण प्रकरणाची माहिती काढू नका. कुणी त्रास देतंय का, एवढंच विचारा. ऑपरेटर परत आला की त्यालाही हाच प्रश्न. दोघांपैकी कुणाला शिफ्ट बदलून हवी असेल तर ती त्याला स्वतः मागू द्या.

पाटील लातूरकर: आणि वकिलासाठी वर्गणी काढायलेत, त्याचं?

निवृत्त कामगार अधिकारी: गेटबाहेर, स्वतःच्या खिशातून. आत डबा फिरला तर चुलतभावाला काय वाटेल?

सीमा, जालना: पण घरी चूल पेटायची असते हो. वर्गणी थांबवू नका, एवढंच म्हणते.

गोदाकाठची: वर्गणीचं मालकांशी बोलावं लागेल. फलक रद्द करते, आज दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरला ती वाक्यं लिहून देते.