मदत हवी आहे: मधे ओळ घातली किंवा सॉर्ट केलं की स्टॉक रजिस्टरमधली शिल्लक चुकते

सिमेंटवाला
नमस्कार मंडळी. आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. प्रत्येक मालाची एक्सेलमध्ये वेगळी शीट ठेवतो. सिमेंटच्या शीटमध्ये A तारीख, B तपशील, C आवक, D जावक आणि E शिल्लक असे रकाने आहेत. E2 मध्ये सुरुवातीचा साठा आहे (`=C2`), आणि E3 पासून खाली हे ओढलंय:

```
=E2+C3-D3
```

एप्रिलमधल्या ज्या नोंदींवरून गोंधळ झाला त्या देतो. 1 तारखेला शिल्लक 240 गोणी. 3 ला 60 गेल्या, 5 ला 45 गेल्या, 8 ला 200 आल्या, 9 ला 80 गेल्या. शेवटी 255 उरल्या. नंतर 7 तारखेचं 30 गोण्यांचं एक चलन ड्रॉवरमध्ये सापडलं. मी 5 आणि 8 च्या मधे ओळ घातली, आकडा भरला, वरचं सूत्र त्या ओळीत ओढलं. तिथे 105 आले, म्हणजे बरोबर. पण सगळ्यात खाली 255 च राहिले!

गोडाऊनमध्ये मोजल्या तर 225. तीस गोण्या कमी दिसल्या म्हणून मी आमच्या गोडाऊनवाल्या काकांना दोनदा विचारलं, आणि ते मला फार लागलंय. नंतर ताजी नोंद वर यावी म्हणून तारखेने उलटं सॉर्ट केलं, तर तळाची 240 ची ओळ सोडून सगळीकडे `#VALUE!`. परत सुलट केल्यावर `#VALUE!` गेलं, तीसचा फरक मात्र तसाच. नक्की काय चुकतंय?

रोहा_कडून
फॉर्म्युला टॅबमध्ये कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलंय का बघा. आमच्या ऑफिसात एकदा असंच झालं होतं. F9 दाबलं की आकडे ताजे होतात.

सिमेंटवाला
ऑटोमॅटिकवरच आहे. F9 दाबूनही 255 च.

लेखा_ताई
दादा, मागच्या ओळीवर अवलंबून राहूच नका. वरपासून आजवरची सगळी आवक वजा सगळी जावक करा. E2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=SUM(C$2:C2)-SUM(D$2:D2)
```

मधे ओळ घातली तरी खालच्या ओळींची बेरीज तिला धरूनच होते. माझं किराणा रजिस्टर चार वर्षं असंच चाललंय.

हिशेबनीस
ताईंचं ओळ घालण्यापुरतं बरोबर आहे, पण सॉर्टला ते पुरत नाही. आधी तुमचा तीसचा फरक कुठून आला ते पाहू.

Ctrl आणि ` (Esc खालची कळ) एकत्र दाबा, म्हणजे आकड्यांच्या जागी सूत्रं दिसतील. E रकाना वरून खाली वाचत या. 8 तारखेची ओळ आता सहावी आहे. तिच्यात `=E5+C6-D6` असायला हवं होतं, पण तुम्हाला `=E4+C6-D6` दिसेल. ओळ घालण्याआधी तिच्या डोक्यावर E4 होता. मधे नवी ओळ आली तरी एक्सेलने ते बोट E4 वरच ठेवलं. त्यामुळे 135 मध्ये 200 मिळवून 335 येतात आणि 7 तारखेच्या 30 गोण्या हिशेबात येतच नाहीत. नव्या ओळीत 105 बरोबर दिसतात म्हणून शंकाही येत नाही.

`#VALUE!` चं कारण वेगळं. सॉर्ट करताना प्रत्येक सूत्र आपापल्या ओळीबरोबर हलतं, आणि 'माझ्या वरचा कप्पा' हे नातं तसंच राहतं. उलट सॉर्टमध्ये 9 तारखेची ओळ सर्वांत वर गेली, तिच्या वर 'शिल्लक' हे शीर्षक. शब्दात आकडा मिळवता येत नाही, म्हणून ती त्रुटी, आणि तिच्यावर टेकलेल्या खालच्या सगळ्या ओळी तशाच. 1 तारखेची ओळ तेवढी वर बघत नाही, म्हणून ती वाचली.

ताई, तुमच्या सूत्राला शीर्षकाचा त्रास होत नाही, पण उलट सॉर्ट केलं की पहिल्याच ओळीत उणे 80 येईल, कारण ते जागेवरून मोजतं. शिल्लक ठरते तारखेवरून, ओळ कागदावर कुठे बसलीय त्यावरून नाही.

लेखा_ताई
हे खरंय. मी कधी उलटं सॉर्टच केलं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. मग तारखेवरून कसं करायचं? एकाच तारखेला दोन-तीन नोंदी असतात.

हिशेबनीस
त्यासाठी अनुक्रमांक लागतो. डेटा निवडून Ctrl+T ने टेबल करा. रकान्यांची नावं `Sr`, `Date`, `In`, `Out`, `Key`, `Balance` ठेवा, तपशील आहे तसा राहू द्या. `Sr` हाताने लिहायचा आणि पुन्हा कधी बदलायचा नाही. `=ROW()-1` नको, सॉर्ट केलं की तो नव्याने मोजला जातो. मग `Key` मध्ये पहिली ओळ आणि `Balance` मध्ये दुसरी:

```
=[@Date]*100000+[@Sr]
=SUMIFS([In],[Key],"<="&[@Key])-SUMIFS([Out],[Key],"<="&[@Key])
```

एक्सेलच्या पोटात तारीख हा आकडाच असतो. 7 एप्रिल 2025 म्हणजे 45754. सापडलेलं चलन सहावी नोंद म्हणून तळाशीच लिहा, त्याचा `Key` येईल 4575400006. तो 8 तारखेच्या आधीच बसतो, म्हणून त्या ओळीत 105, 8 ला 305 आणि 9 ला 225. मधे ओळ घालायची गरजच उरत नाही. एकाच तारखेला `Sr` चुकून सारखा पडला तर दोन्ही ओळींत एकच शिल्लक दिसेल, तेवढी खूण लक्षात ठेवा. सुरुवातीचे 240 `In` मध्येच राहू द्या.

नट_बोल्ट
आमच्याकडे सगळा माल एकाच शीटमध्ये आहे, म्हणून मी यात `[Item],[@Item]` ही अटही घातली. बाकी मालाचं जमलं, पण 'बोल्ट 10*50' ची शिल्लक कायम जास्त येते. का?

हिशेबनीस
तुमच्याकडे 'बोल्ट 10*150' पण असेल. `SUMIFS` त्या `*` चा अर्थ 'मधे काहीही चालेल' असा घेतं, म्हणून 150 चे बोल्टही 50 मध्ये मिसळतात. नावात `*` ऐवजी x लिहा.

नट_बोल्ट
आहेत! आता जुळलं. पण माझ्या 22,000 ओळी आहेत. एक नोंद टाकली की मशीन बराच वेळ अडकतं.

हिशेबनीस
प्रत्येक ओळ पूर्ण रकाना चाळते, म्हणून. दर वर्षी नवी फाईल करून अखेरची शिल्लक पहिली आवक म्हणून घ्या.

नट_बोल्ट
ते नाही जमणार, गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीच्या मालाचं बिल घेऊन येतं आणि मला एकाच जागी शोधावं लागतं. दुसरा काही मार्ग आहे का कुणाकडे?

सिमेंटवाला
केलं. पण तीन ओळींच्या `Key` मध्ये `#VALUE!` आलं. मुलाने तारीख 14.06.2025 अशी टिंबं देऊन लिहिली होती.

हिशेबनीस
ती तारीख नाही, मजकूर झाला. त्या ओळी बाकीच्यांच्या बेरजेतूनही गुपचूप वगळल्या जातात, म्हणून आधी त्याच नीट करा. फक्त ते कप्पे निवडून Ctrl+H ने टिंबाच्या जागी - घाला. मग तारीख कप्प्यात उजवीकडे सरकली का बघा, आणि दिवस-महिना उलटा झाला नाही ना तेही.

सिमेंटवाला
सरकल्या तिन्ही. एप्रिलचे 225 आले, गोडाऊनशी जुळले. उलटं सॉर्ट करून पाहिलं, आकडे जागचे हलले नाहीत. सकाळी पहिल्यांदा काकांना रजिस्टर दाखवतो. वाळू आणि सळईच्या शीट अजून जुन्याच सूत्रावर आहेत, त्या उद्या बसून करतो.